कुरडयांचा व्हिडिओ आणि झाकलेला फोन नंबर

चैत्र लागला की मखमलाबादच्या बाजूला गच्च्यांवर जुन्या साड्या अंथरल्या जातात आणि त्यांवर कुरडया, पापड, सांडगे वाळत पडतात. तिथल्या एका महिला बचत गटाचं हे प्रकरण. गटात सात जणी. कुरडयांची ऑर्डर नाशिकभर घेतात, पुण्या-मुंबईलाही पार्सल पाठवतात. मी छोट्या धंद्यांचे व्हिडिओ शूट आणि एडिट करून देतो. मंदाकाकूंनी मला बोलावलं ते इन्स्टाग्रामसाठी एक रील करायला.

पहिला व्हिडिओ 42 सेकंदांचा होता आणि दिसायला देखणा झाला होता. मंदाकाकू पाटावर बसल्यात, समोर ताट, हातात सोऱ्या. गरम चीक सोऱ्यात भरून त्या गोल गोल कुरडई पाडतायत आणि बोलतायत, की लोकवन गहू तीन दिवस भिजवला, रोज पाणी बदललं, मग वाटून चीक काढला. खाली पूर्ण रुंदीच्या पिवळ्या पट्टीवर भाव आणि फोन नंबर. वर मोठ्या अक्षरांत ‘घरच्या गव्हाच्या कुरडया’. गटाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फाइल टाकली, सगळ्या जणींनी अंगठे दिले आणि त्याच संध्याकाळी रील टाकलं.

दोन दिवसांत कमेंट आल्या त्या अशा: ‘किलोला काय भाव?’, ‘नंबर टाका ना ताई’, ‘पत्ता कुठला?’. मंदाकाकूंचा फोन आला. म्हणाल्या, “दादा, नंबर तर आपण एवढा मोठा लिहिलाय. लोक बघत नाहीत का?”

लोक नीट बघत होते. त्यांना नंबर दिसतच नव्हता.

नंबर कुठे गेला होता

मी स्वतःच्या फोनवर रील उघडून स्क्रीनशॉट काढला. उभा व्हिडिओ 1080 पिक्सेल रुंद आणि 1920 पिक्सेल उंच असतो. पिवळी पट्टी मी वरून मोजत 1600 ते 1760 या उंचीवर ठेवली होती. अॅपमध्ये नेमकं तिथेच डावीकडून अकाउंटचं नाव, खाली मजकुराची पहिली ओळ आणि गाण्याचं नाव येत होतं. उजवीकडे लाइक, कमेंट, शेअरची उभी रांग. भाव नावाखाली दबला होता. नंबरचे शेवटचे तीन आकडे बटणांखाली होते. मधले चार-पाच आकडे दिसत होते, पण त्यांवर अॅपचा पांढरा मजकूर आल्यामुळे कुठला आकडा आपला आणि कुठलं अक्षर अॅपचं हेच कळेना.

हे आधी कुणाच्याच लक्षात का आलं नाही, याचं कारण कामाच्या पद्धतीत आहे. एडिटिंग अॅपमध्ये चौकट रिकामी असते, तिच्यावर एकही बटण नसतं. व्हॉट्सअॅपवर फाइल पाठवली की तीही स्वच्छच दिसते. म्हणजे आम्ही आठ जणांनी व्हिडिओ पाहिला आणि पसंत केला तो अशा दोन ठिकाणी, जिथे गिऱ्हाईक तो कधीच पाहणार नव्हतं.

वर सरकवून काय झालं

पहिला उपाय कुणालाही सुचेल तोच मी केला. पट्टी उचलून वर नेली, शीर्षकाच्या खाली लागून. शीर्षक 130 वर, पट्टी 230 पासून. नव्याने टाकलं. रील चालू असताना नंबर आता वाचता येत होता, फक्त शीर्षकावर अॅपची वरची पट्टी येऊन ते अर्धवट झालं होतं. तेवढं चालेल असं मला वाटलं.

पण प्रोफाइल उघडल्यावर वेगळीच गोष्ट समोर आली. जानेवारी 2025 पासून इन्स्टाग्रामच्या प्रोफाइलवरचे चौकोन 3:4 मापाचे उभे झाले आहेत. 1080 रुंदीला ही उंची 1440 होते. म्हणजे तिथे दिसणाऱ्या रीलच्या कव्हर-चित्राच्या वरून 240 आणि खालून 240 पिक्सेल कापले जातात. आमचं शीर्षक त्या वरच्या 240 मध्येच होतं, त्यामुळे ते अख्खंच उडालं होतं. उरली होती ती नुसती पट्टी.

मराठी अक्षराचा एक स्वभाव इथे ध्यानात ठेवायला हवा. इंग्रजी ओळीचा वरचा थोडा काठ गेला तरी शब्द ओळखता येतो. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार बसतात आणि खाली उकार लोंबतो. ओळीचा वरचा काठ कापला की ‘किलो’ची वेलांटी आणि मात्रा जाऊन तो ‘कला’सारखा दिसायला लागतो. एडिटिंग अॅपमधली मजकुराची चौकट बऱ्याचदा फक्त शिरोरेषेपासून मोजल्यासारखी बसते आणि वेलांटी तिच्या बाहेर डोकावते. म्हणून मी आता मजकूर जिथे ठेवायचा तिथे वर आणि खाली अक्षराच्या उंचीच्या साधारण पाव भाग मोकळी जागा धरतो. दोन ओळी असतील तर ओळींमधलं अंतरही थोडं वाढवतो, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आदळतो.

मग पट्टी मध्ये आणली

तिसऱ्यांदा पट्टी चौकटीच्या मधोमध आणली. नंबर ठणठणीत दिसला, पण पट्टीखाली मंदाकाकूंचा सोऱ्या धरलेला हात गेला. कुरडयांच्या व्हिडिओत सोऱ्याच झाकला तर लोक बघणार काय?

इथे मी थांबलो आणि चौकट मोजायला घेतली. इन्स्टाग्राम चालवणारी मेटा कंपनी रील्सच्या जाहिरातींसाठी जी जागा मोकळी ठेवायला सांगते, ती वरून 14 टक्के, खालून 35 टक्के आणि दोन्ही कडांना 6-6 टक्के. 1920 च्या उंचीत वरचे साधारण 270 पिक्सेल आणि खालचे 670 पिक्सेल गेले. उरला 270 ते 1250 हा पट्टा, म्हणजे 980 पिक्सेल उंच. रुंदीतून 65-65 गेले की 950 उरतात. साध्या रीलवर जाहिरातीचं बटण येत नाही, त्यामुळे खालची जागा प्रत्यक्षात एवढी जात नाही. तरी हेच माप धरलं की एकच फाइल पुढे जाहिरातीलाही चालते, म्हणून मी तेच धरतो.

आता आमच्या शॉटमध्ये मंदाकाकूंच्या डोक्याचा माथा 180 वर होता आणि ताटाचा खालचा काठ 1750 वर. महत्त्वाच्या गोष्टींची एकूण उंची 1570. ती 980 मध्ये बसवायची म्हणजे सगळा व्हिडिओ 62 टक्क्यांवर आणायचा. करून पाहिलं. रुंदी 1080 ची जेमतेम 670 झाली, चारी बाजूंना धूसर पार्श्वभूमी भरावी लागली आणि मंदाकाकू खिडकीतून लांबून दिसल्यासारख्या झाल्या. चिकाची वाफही दिसेना, आणि वाफेशिवाय ताजेपणा दाखवायचा कसा?

म्हणजे एडिटिंगमध्ये हा व्हिडिओ दुरुस्त होण्यातला नव्हता. चेहरा एका टोकाला, ताट दुसऱ्या टोकाला आणि मध्ये सोऱ्या, असा शॉट मीच लावला होता. डोळ्यांनी बघताना तो भरलेला वाटतो, पण त्याची दोन्ही टोकं अॅपच्या मालकीची आहेत. पुन्हा शूट करायचं ठरलं. मंदाकाकूंनी कुरकुर केली नाही, पण चीक पुन्हा काढायला तीन दिवस लागणार होते, ते मला लागलं.

मोजपट्टीचा व्हिडिओ

ते तीन दिवस मी एका गोष्टीसाठी वापरले आणि हीच या कामातली सगळ्यात उपयोगी वस्तू ठरली. 1080 बाय 1920 च्या पांढऱ्या पानावर दर 100 पिक्सेलला आडवी रेघ मारली, तिच्यावर आकडा लिहिला. उभ्या रेघाही तशाच. त्या पानाचा पाच सेकंदांचा व्हिडिओ केला आणि एका खाजगी अकाउंटवर रील म्हणून टाकला. मग फोनवर उघडून स्क्रीनशॉट काढला. कुठल्या आकड्यावर काय येतंय ते सरळ वाचता येतं, अंदाज लावावा लागत नाही.

नुसता दुसऱ्या कुणाच्या रीलचा स्क्रीनशॉट घेऊन तो एडिटिंगमध्ये वर ठेवायची पद्धतही लोक वापरतात. तिच्यात एक फसगत आहे. हल्लीचे फोन 16:9 पेक्षा उंच असतात. स्क्रीन 1080 बाय 2400 ची असेल तर व्हिडिओ त्यातला 1920 चाच भाग घेतो आणि तो नक्की कुठे सुरू होतो ते स्क्रीनशॉटवरून कळत नाही. फोनच्या कडा जुळवल्या की सगळं शे-दीडशे पिक्सेलने सरकतं. मोजपट्टीवर आकडे व्हिडिओतच असतात, त्यामुळे फोन कितीही उंच असो, वाचन चुकत नाही.

माझ्या फोनवर बटणांची उभी रांग साधारण 1000 पासून 1700 पर्यंत आली आणि उजवीकडे 930 च्या पलीकडची सगळी जागा तिने घेतली. डावीकडचं नाव आणि मजकूर 1500 च्या आसपास सुरू होत होता. यातला उजव्या रांगेचा आकडा मला महत्त्वाचा वाटला, कारण मेटाच्या 6 टक्क्यांच्या हिशेबात उजवीकडे 1015 पर्यंत जागा मोकळी आहे आणि बटणं तर 1250 च्याही बरीच वर चढलेली. म्हणजे चौकटीच्या खालच्या निम्म्या भागात उजवीकडून 150 पिक्सेल सोडायचे, हा नियम आपणच वेगळा धरायचा.

मग माझी एक चूक झाली. मोजपट्टी टाकताना मी रीलखालचा मजकूर दोन शब्दांचा लिहिला होता, ठिकाण टाकलं नव्हतं. खऱ्या रीलला आम्ही चार ओळींचा मजकूर, ‘नाशिक’ हे ठिकाण आणि दुसऱ्या एका अकाउंटबरोबरची जोडपोस्ट असं सगळं लावणार होतो. ते लावून पुन्हा चाचणी केली तर डावीकडचा ढीग 1420 पर्यंत वर आला. घरी आईच्या फोनवर उघडलं, तिने अक्षर मोठं करून ठेवलंय, तर आणखी वर. आणि मजकुरावर बोट ठेवून तो उलगडला की निम्मी चौकट झाकते, त्याला इलाज नाही. तेव्हा चाचणी घ्यायची तर सगळ्यात वाईट परिस्थितीची घ्यायची: लांब मजकूर, ठिकाण लावलेलं, अक्षर मोठं केलेला फोन.

तीच मोजपट्टी युट्युब शॉर्ट्सवर आणि व्हॉट्सअॅप स्टेटसवरही टाकून पाहिली, कारण गट एकच फाइल तिन्हीकडे टाकतो. शॉर्ट्सला उजवीकडे बटणं आणि खाली चॅनेलचं नाव-शीर्षक, म्हणजे रीलसारखंच. स्टेटसला उजवी बाजू मोकळी, पण वर नाव आणि खाली उत्तराची पट्टी. उजवीकडचे 150 पिक्सेल सोडले तर 270 ते 1250 हा पट्टा तिन्हीकडे मोकळा राहिला.

दुसरं शूट

चौथ्या दिवशी पहाटे चीक शिजला आणि सात वाजता आम्ही गच्चीवर होतो. मी आधी सुचवलं होतं की पाटाऐवजी टेबल घेऊ, म्हणजे हात चेहऱ्याच्या जवळ येतील. मंदाकाकूंनी एकदा दाबून पाहिलं आणि सोऱ्या खाली ठेवला. “उंचावर जोर लागत नाही. आणि चीक गार झाला की उतरणारच नाही त्यातून.” त्यांचं बरोबर होतं. सोऱ्याला वरून अंगाचा भार द्यावा लागतो. टेबल परत खाली गेलं.

दुसरा मार्ग कॅमेरा मागे नेण्याचा. 1570 चे 980 करायचे म्हणजे अंतर 1.6 पट. स्वयंपाकघरात मी पाच फुटांवर उभा होतो, तर आठ फूट लागणार. गच्चीवर तेवढी जागा होती. घरात नसती तर फोनमधली 0.5 ची लेन्स लावायचा मोह होतो. तो टाळावा, कारण तिच्यात कडेला आलेला चेहरा ताणला जातो आणि आपल्याला तर माणूस ओळखीचा दिसायला हवा. मी कॅमेरा बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर लावला आणि समोरून न घेता तिरकं, बाजूने घेतलं. उभं राहून वरून शूट केलं की समोर ठेवलेलं ताट चौकटीत आणखी खाली घसरतं आणि चेहरा-हात यांच्यातलं अंतर वाढतं. पहिल्या वेळी मी नेमकं तेच केलं होतं.

आठ फुटांवरून माथा 300 वर आणि ताट 1230 वर बसलं. बसलं खरं, पण कुरडईची नक्षी लहान दिसायला लागली. तेव्हा सगळं एकाच शॉटमध्ये दाखवायचा हट्ट मी सोडला. हा लांबचा शॉट सुरुवातीला चार सेकंद ठेवला, फक्त माणूस आणि काम एकत्र दिसावं म्हणून. मग मंदाकाकू बोलतात तो कमरेपर्यंतचा शॉट, डोळे 500 च्या आसपास. या शॉटमध्ये हात चौकटीबाहेर गेले तरी चालतं. आणि मग फक्त ताट, अगदी जवळून, वरून. सोऱ्यातून चिकाची तार उतरते, पहिला वेढा, त्याला चिकटून दुसरा, मग आतला, आणि शेवटी मंदाकाकू अंगठ्याने टोक दाबून तार तोडतात. त्या अंगठ्याची जागा मी चौकटीत 750 वर ठेवली. फोनच्या स्क्रीनवर आधीच रेघांची जाळी लावून घेतली होती. 750 म्हणजे वरच्या आडव्या रेघेच्या थोडं खाली, तेवढ्यावर हाताला सवय होते.

मजकुराला जागा मिळाली ती कमरेपर्यंतच्या शॉटमध्ये, हनुवटीच्या खाली. तिथे जरीकाठाची साडी होती, तिच्यावर अक्षर नीट उठत नव्हतं, म्हणून मजकुरामागे गडद एकरंगी पट्टी दिली. पट्टी 980 ते 1220. मजकूर डावीकडे 80 वरून सुरू आणि 900 च्या आत संपलेला. मी मजकूर नेहमी मधोमध ठेवत आलो, पण उजवीकडे बटणं असताना मधोमध ठेवलेली लांब ओळ हमखास त्यांच्यात घुसते. डावीकडून सुरू केली की ओळ कुठे मोडायची ते आपल्या हातात राहतं.

नंबर पाच-पाच आकड्यांच्या दोन गटांत लिहिला, 100 पिक्सेल उंचीच्या अक्षरात. दोन्ही गट मिळून साधारण 600 पिक्सेल घेतात, म्हणजे 820 च्या जागेत आरामात मावतात. नंबर शेवटी दाखवायची जी पद्धत आहे तीही बदलली. तो सहाव्या सेकंदाला येतो आणि सात सेकंद राहतो. पट्टी सातच सेकंद राहते, म्हणून तोच रीलच्या मजकुराच्या पहिल्या ओळीतही टाकला. उलगडल्याशिवाय दिसते ती एवढीच ओळ.

बोलण्याची अक्षरं, म्हणजे सबटायटल, एडिटिंग अॅप आपणहून तळाशी टाकतं. ती उचलून 1050 च्या आसपास आणली आणि नंबरची पट्टी असते तेव्हाची ती सात सेकंद सबटायटल बंद ठेवली. दोन्ही एका जागी मावत नाहीत, आणि त्या सात सेकंदांत वाचायचं ते एकच असावं.

कव्हरसाठी ताटातली पूर्ण कुरडई घेतली. शीर्षक ‘घरच्या कुरडया’ एवढंच, 400 ते 560 मध्ये. 240 कापून गेले तरी त्याला धक्का लागत नाही.

काय सुधारलं, काय राहिलं

नवं रील टाकल्यावर नंबर विचारणाऱ्या कमेंट बंद झाल्या. त्याऐवजी लोक विचारायला लागले, ‘एका किलोत किती नग बसतात?’, ‘पापडखार घालता का?’. मंदाकाकूंना ही उत्तरं द्यायला आवडतात. मला यातून कळतं ते एवढंच की पट्टी वाचली जातेय. ऑर्डर वाढल्या त्या व्हिडिओमुळे की ऊन वाढल्यामुळे, हे मी सांगू शकत नाही, कारण एप्रिलमध्ये त्या दरवर्षीच वाढतात.

मोजपट्टी खाजगी अकाउंटवर तशीच ठेवलीय. अॅपने बटणांची जागा बदलली की जुन्या रीलवरही ती नव्या जागी दिसतात, त्यामुळे पुन्हा काही टाकायची गरज पडत नाही. नवं काम घेतलं की आधी ते रील उघडून आकडे वाचतो.

एक चूक मात्र शेवटच्या शॉटमध्ये राहून गेली. सातही जणी वाळत घातलेल्या कुरडयांमागे एका ओळीत उभ्या आहेत, हसतायत. प्रत्येकीची जागा रुंदीत बसवली, उंचीत बसवली, आणि शॉट फक्त तीन सेकंदांचा म्हणून मोजपट्टी लावून पाहिली नाही. सगळ्यांत उजवीकडे उभ्या असलेल्या मावशींचा चेहरा बरोबर लाइकच्या बटणाखाली आला. त्यांनी घरच्यांना रील दाखवलं तेव्हा नातू म्हणाला, “आजी, तू कुठे आहेस?” मावशींनी मला हे हसत हसत सांगितलं, पण मला ते चांगलंच लागलं. नंबर झाकला गेला तर माणूस कमेंटमध्ये विचारतो. चेहरा झाकला गेला तर कुणी विचारत नाही.

पापडांच्या व्हिडिओला त्यांना दोन ओळींत घेतलं, लग्नाच्या फोटोत घेतात तसं. तिघी पाटांवर बसलेल्या, चौघी मागे उभ्या. घोळका डावीकडे सरकवला आणि उजवीकडे गच्चीचा कठडा आणि मागचं आभाळ मोकळं सोडलं. मावशी पुढच्या ओळीत, मधोमध.